दहा किलो कोणाचे?

दिवाळी अंकातला वजनावरचा तो लेख मी अंकात वाचलाच नव्हता. तो माझ्यापर्यंत आला कात्रण होऊन, चार घड्या घातलेला, एका काकूंच्या पर्समधून. जानेवारी संपत आला होता. कात्रणातल्या एका वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या. वाक्याचा मतलब असा, की बीएमआयची एक पायरी खाली उतरायची तर साधारण दहा किलो घटवावे लागतात, मग उंची काहीही असो.

"ताई, मी साडेतीन उतरवले आणि सोडून दिलं," काकू म्हणाल्या. "रात्रीचं जेवण बंद केलं होतं. देवळाच्या पायऱ्या चढताना गरगरलं. आता ते साडेतीनही परत आलेत. दहा म्हणजे फार झाले हो माझ्या जिवाला."

मी आहारतज्ज्ञ आहे. वजनकाटा आणि भिंतीवरची उंचीची पट्टी ही माझी रोजची हत्यारं. त्या लेखाला उत्तर द्यायला मला उशीर झाला, कारण आधी काकूंचं काय होतं ते पाहायचं होतं. ते आता पाहून झालं आहे, म्हणून लिहिते.

लेखकाचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. "वजन कमी करा" एवढंच सांगून पेशंटला घरी पाठवणं म्हणजे काहीच न सांगणं. माणूस दारातून परत वळून विचारतो, "पण किती?" आणि त्याला आकडा हवा असतो. तो द्यायलाच हवा. माझं भांडण आकडा देण्याशी नाही, सगळ्यांना एकच आकडा देण्याशी आहे. खरं तर त्या वाक्यातल्या शेवटच्या तीन शब्दांशी आहे: "उंची काहीही असो". या गणितात उंची काहीही असून चालतच नाही. उंची हाच या गणिताचा कणा आहे.

बीएमआय काढताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या केतले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. त्या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव मात्र बरंच उशिरा, १९७२ साली, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलं. बीएमआयचा हा इतिहास सगळेच लेख सांगतात. त्यातून निघणारी साधी गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं. ती अशी, की बीएमआयचा एक अंक खाली यायला नेमके तुमच्या उंचीच्या वर्गाइतके किलो लागतात.

याला मी पेशंटशी बोलताना 'दर' म्हणते. बाजारात जसा किलोचा दर असतो, तसा प्रत्येक उंचीला बीएमआयच्या एका अंकाचा दर असतो. उंची १५० सेंटिमीटर असेल तर दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन किलो. १६० ला तो २.५६ किलो होतो आणि १८० ला ३.२४. आता लेखकाचे दहा किलो या दोन टोकांच्या माणसांना वाटून बघा. दीड मीटरच्या बाईने दहा किलो घटवले तर तिचा बीएमआय जवळजवळ साडेचारने उतरेल. एक मीटर ऐंशीच्या बाप्याने तेवढेच घटवले तर त्याचा उतरेल तीनच्या थोडा वर. घाम दोघांनी सारखाच गाळला. उतरणं सारखं नाही.

हा दहाचा आकडा आला कुठून, याचा मी उलटा हिशेब करून पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात २५ ते ३० म्हणजे अतिवजन आणि ३० च्या वर स्थूलता. वरच्या पायऱ्याही पाच-पाच अंकांच्या आहेत. पाच अंकांची पूर्ण पायरी बरोबर दहा किलोंत उतरायची असेल, तर एका अंकाचा दर दोन किलो हवा. ज्याचा वर्ग दोन येतो ती उंची म्हणजे १४१ सेंटिमीटर, चार फूट पावणेआठ इंच. म्हणजे लेखकाचा नियम चार फूट पावणेआठ इंच उंचीच्या माणसाला लागू पडतो, आणि तोही पायरीच्या अगदी वरच्या कडेवर उभा असेल तरच. आपल्याकडे वापरतात त्या तक्त्यात २३ ते २५ ही अतिवजनाची पायरी अवघ्या दोन अंकांची आहे. तिच्यासाठी दहा किलो खर्ची पडायचे तर माणूस सात फूट चार इंच उंच असावा लागेल. असा पेशंट माझ्या दारातून अजून आत आलेला नाही. आला तर आधी चौकटीची काळजी वाटेल.

पण उंची हा नियमातला अर्धाच दोष झाला. उरलेला अर्धा दोष असा, की एक पायरी उतरायला किती किलो लागतील हे तुम्ही पायरीवर नेमके कुठे उभे आहात यावर ठरतं. जिन्याची पायरी रुंद असते. कडेला उभा असलेला एका पावलात खाली येतो, भिंतीला टेकून उभा असलेल्याला आधी ती सगळी पायरी ओलांडावी लागते.

माझ्याकडे येणाऱ्या एका इंजिनिअर मुलाचं उदाहरण घेते. उंची १७८ सेंटिमीटर, दर ३.१७ किलो. पहिल्यांदा आला तेव्हा वजन ९६ होतं, बीएमआय ३०.३. त्याच्या उंचीला ३० ची रेषा ९५.०५ किलोवर पडते. म्हणजे एका किलोत तो स्थूलतेतून अतिवजनात येणार होता, आणि आलाही. पंधरा दिवसांत ९४ वर आला, बीएमआय २९.७. घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग त्याने विचारलं, "मॅडम, पुढची पायरी?" पुढची रेषा २५ ची. २५ गुणिले ३.१६८४ म्हणजे ७९.२ किलो. चौऱ्याण्णवातून वजा केले तर उरतात १४.८ किलो. तोच मुलगा, तीच उंची, आधीची पायरी एका किलोची आणि पुढची जवळजवळ पंधराची.

आता याच मुलाने सगळीकडे ऐकू येणारा तो दहाचा आकडा डोक्यात ठेवला होता. त्याने सात महिन्यांत प्रामाणिकपणे दहा किलो घटवले. ८४ वर आला. बीएमआय २६.५. तक्ता म्हणाला, अतिवजन. म्हणजे होतास तिथेच आहेस. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. लेखक म्हणतात की दहा हा गोल आकडा आहे आणि गोल आकड्याने हुरूप येतो. येत असेल. पण वचन देऊन दहा किलो घ्यायचे आणि पायरी मात्र द्यायची नाही, हा व्यवहार हुरूप वाढवणारा नाही. त्याला पहिल्याच दिवशी "पंधरा" सांगितलं असतं, तर दहावर पोचल्यावर दोन तृतीयांश वाट सरली म्हणून तो खूश झाला असता.

आता काकूंचा हिशेब. वय ४७, वजन ६६ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची याच आसपास आहे, म्हणून हे उदाहरण जरा सावकाश पाहू. १.५२ चा वर्ग २.३१. हा काकूंचा दर. सहासष्टला त्याने भागले की बीएमआय येतो २८.६. त्यांना २५ च्या खाली यायचं तर २५ गुणिले २.३१०४, म्हणजे ५७.७६ किलो ही रेषा. तिच्या खाली म्हणजे ५७.७. सहासष्टातून वजा केले की ८.३ किलो. सूत्र म्हणून मांडायचं तर एवढंच:

घटवायचे किलो = आजचं वजन − (खालच्या रेषेचा बीएमआय × उंची × उंची)

सगळं गणित या एका ओळीत आहे. लेखकाचं म्हणणं, सामान्य माणसाला हा वर्गाचा खटाटोप जमणार नाही, म्हणून त्यांनी सोपा आकडा दिला. मला याचा राग येतो. काकू गल्लीतल्या बचतगटाचा हिशेब ठेवतात. कुणी किती कर्ज घेतलं, व्याज किती, हप्ता कुणाचा चुकला, हे त्यांना वहीत न पाहता सांगता येतं. त्यांच्या यजमानांनी प्लॉट घेताना लांबी-रुंदी गुणून चौरस फूट काढले, आणि बिल्डरचा आकडा चुकीचा होता हेही त्यांनीच पकडलं. उंचीचा वर्ग काढणं म्हणजे चौकोनी खोलीचं क्षेत्रफळ काढणं. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "१.५२ गुणिले १.५२ गुणिले २५ करा." एका मिनिटात सत्तावन्न पूर्णांक शहात्तर आले. काकू म्हणाल्या, "एवढंच होय?" एवढंच.

आणि आता पाहा, लेखकाच्या दहा किलोंनी काकूंचं काय केलं. दहा घटवून त्या ५६ वर येणार होत्या. २५ च्या रेषेसाठी ५७.७ पुरेसे होते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो जास्तीचे. २३ च्या रेषेसाठी ५३.१ लागले असते, म्हणजे जवळजवळ तीन किलो कमी. दहा हा आकडा काकूंच्या कुठल्याच रेषेवर पडत नव्हता. ज्या आकड्यासाठी त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं, तो त्यांचा नव्हताच.

इथे लेखकाची बाजू घेणारा कुणीतरी म्हणेल, पण रेषा तरी कोणती धरायची? प्रश्न रास्त आहे, आणि लेखात तो विचारलाच गेला नाही याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. तक्ते एकापेक्षा जास्त आहेत. जागतिक तक्त्यात २५ च्या खाली आलात की तुम्ही 'नॉर्मल'. आपल्या देशातल्या डॉक्टरांच्या २००९ च्या सहमतीप्रमाणे २५ पासून पुढे स्थूलताच, २३ ते २५ अतिवजन, आणि २३ च्या खाली नॉर्मल. कारण असं, की आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार कमी बीएमआयलाच डोकं वर काढतात. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ अशा जास्तीच्या सावधानतेच्या रेषा सुचवल्या, मूळ तक्ता मात्र तसाच ठेवला.

काकूंना या तिन्हींतून फिरवून आणा. जागतिक तक्त्याने त्या आज अतिवजनात आहेत, ८.३ किलो घटवले की नॉर्मल. भारतीय तक्त्याने त्या आज स्थूल आहेत, तेच ८.३ किलो घटवले की अतिवजनात, आणि नॉर्मल व्हायला १२.९ किलो. आशियाई रेषांनी पहिली पायरी २७.५ ची. ती १५२ सेंटिमीटरला ६३.५ किलोवर पडते, म्हणजे अडीच किलोंत एक पायरी खाली. एकच बाई, एकच काटा, आणि "एक पायरी" म्हणजे अडीच किलो किंवा सव्वाआठ किलो. कुठला तक्ता धरला हे न सांगता पायरीचे किलो सांगणं म्हणजे रुपये की डॉलर हे न सांगता भाव सांगणं.

रेषा हलली की माणसं न हलता पायरी बदलतात, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत १९९८ साली घडलं. तिथे आधी अतिवजनाची रेषा पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ ला होती. ती २५ वर आणली गेली, आणि कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता रातोरात अतिवजनात गेले. म्हणून मी माझ्या कागदावर आकड्याच्या शेजारी तक्त्याचं नाव लिहिते. भारतीय पेशंटसाठी मी २३ आणि २५ याच रेषा धरते. त्याबद्दल कुणाचा माझ्याशी मतभेद असेल तर असो, पण निदान मी कशाशी बांधलेली आहे ते कागदावर दिसतं.

आता उंची मोजण्याचं. लेखात यावर एक ओळ नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मी गडबड इथेच होते. काकूंकडे आणखी एक कार्ड होतं, कुठल्याशा आरोग्य शिबिरातलं. त्यावर उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६६, बीएमआय २७.५. मी त्यांना भिंतीला उभं केलं तर १५२ भरले. तीन सेंटिमीटर गेले कुठे? काकूंना आठवलं, गर्दी होती, चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि देवाला जायचं म्हणून त्यांनी अंबाडा घातला होता. पट्टीची आडवी फळी अंबाड्यावर टेकली असणार.

उंचीचा वर्ग होतो, म्हणून उंचीतली चूक दुप्पट होऊन बाहेर पडते. उंची एक टक्का चुकली की बीएमआय दोन टक्के चुकतो. काकूंच्या उंचीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे २५ ची रेषा पाऊण किलोने सरकते. तीन सेंटिमीटरने ती ५७.७ वरून ६० किलोवर गेली. म्हणजे शिबिरातल्या कार्डावरून हिशेब केला असता तर काकूंना सहाच किलो घटवायचे होते, खऱ्या उंचीने ८.३. आणि गंमत अशी, की १५५ ने त्यांचा बीएमआय नेमका २७.४७ येतो, आशियाई रेषेच्या केसभर खाली. चपलांनी आणि अंबाड्याने मिळून काकूंना एक पायरी उतरवलं होतं, उपासाशिवाय.

फूट-इंचांची याहून वाईट तऱ्हा आहे. पाच फूट दहा इंच हे पुष्कळ लोक ५.१० असं लिहितात, आणि मग तोच आकडा दशांशातले फूट समजून कुणीतरी ३०.४८ ने गुणतं. ५.१० फूट म्हणजे १५५ सेंटिमीटर. पाच फूट दहा इंच म्हणजे १७८. आमचा तो चौऱ्याण्णव किलोंचा इंजिनिअर १५५ सेंटिमीटरचा झाला तर त्याचा बीएमआय २९.७ चा ३९ होतो. म्हणून बीएमआय एकदम भलताच आला, की मी आधी उंचीकडे बघते, माणसाकडे नंतर. उंची मोजायची ती अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर ठेवून. केस मोकळे करून डोक्यावर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं टेकवायचं आणि पेन्सिलीने खूण करायची. दोनदा मोजायची. आणि कॉलेजातली उंची वापरायची नाही. साठी ओलांडलेली माणसं पाठीच्या मणक्यांतल्या झिजेने दोन-तीन सेंटिमीटर सहज खुजी झालेली असतात, कबूल मात्र करत नाहीत.

वजनाचंही थोडं सांगते, लांबवत नाही. सकाळ-संध्याकाळच्या वजनात एक-दीड किलोचा फरक पडतो. रात्री पापड-लोणचं झालं, किंवा बाईची पाळी जवळ आली, की अंगात पाणी साठतं. काकूंची रेषा ५७.७ असेल आणि एका सकाळी काट्यावर ५७.६ दिसले, तर पायरी उतरली असं मी म्हणत नाही. आठवडाभर सकाळी उठल्यावर, एकाच काट्यावर केलेल्या वजनांची सरासरी रेषेखाली आली पाहिजे. म्हणून कागदावर रेषा ५७.७ लिहिली तरी मनातलं लक्ष्य मी किलोभर खाली ठेवते.

इथवर मी लेखकाला चुकीच्या गणितासाठी धारेवर धरलं. पण समजा त्यांनी गणित बरोबर केलं असतं, तरी त्यांच्या लेखातलं आणखी एक वाक्य मला गिळता आलं नसतं. त्यांनी लिहिलं, की पायरी बदलली नाही तर घटवलेल्या वजनाचा उपयोग नाही. हे साफ खोटं आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिथे लोकांना पायरी उतरायला सांगितलंच नव्हतं. वजनाच्या सात टक्के घटवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, एवढंच लक्ष्य दिलं होतं. सरासरी तीनेक वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण प्लासिबो घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. काकूंचे सात टक्के म्हणजे ४.६ किलो. त्याने बीएमआय २६.६ होतो. जागतिक तक्त्यात पायरी तीच, भारतीय तक्त्यातही तीच. लेखकाच्या हिशेबाने उपयोग शून्य. काकूंची साखर उंबरठ्यावरच होती, त्यामुळे त्यांच्यासाठी हे शून्य नव्हतं.

मग पायरीचे किलो काढायचेच कशाला, असं आता दुसऱ्या बाजूने कुणी विचारेल. बीएमआय म्हणजे थोतांड, असं म्हणणाराही एक पंथ आहे, आणि त्याच्याकडे दाखवायला चांगलं उदाहरण आहे, तेही आपल्या पुण्यातलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के. बीएमआयला किलो कळतात, पण किलो कशाचे ते कळत नाही. हे मला मान्यच आहे. काकूंनी रात्रीचं जेवण सोडून जे साडेतीन किलो घालवले त्यात स्नायू किती होते कुणास ठाऊक. परत आलेले साडेतीन मात्र बहुतेक चरबीचेच असणार. लहान मुलं, गरोदर बाई, अंगावर सूज असलेला किडनीचा पेशंट, यांना हा हिशेब लावायचाच नसतो.

पण मोजपट्टीला मर्यादा आहे म्हणून ती वाकडी धरायची मुभा मिळत नाही. डॉक्टर पायरी पाहून तपासण्या लिहितात, विमा कंपनी पायरी पाहून हप्ता ठरवते, वजनाच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा की नाही हेही बीएमआयच्या रेषा पाहून ठरतं. ज्याला त्या रेषेशी खरोखर काम पडणार आहे, त्याला ती त्याच्या उंचीला किती किलोंवर पडते हे नेमकं कळलं पाहिजे. आणि ज्याला पडणार नाही, त्याला सात टक्के सांगावेत. दहा किलो दोघांच्याही उपयोगाचे नाहीत.

काकूंच्या कागदावर मी दोन आकडे लिहिले होते. आधी ६१.४, सात टक्क्यांचा. मग ५७.७, पंचविसाच्या रेषेचा, आणि त्याला तारीख घातली नाही. रात्रीचं जेवण परत सुरू केलं. ताटातला भात निम्मा केला, डाळ-उसळ वाढवली, आणि देवळात जाऊन यायच्या वेळी दोन चौक जास्तीचे चालायला लावले. गेल्या सोमवारी आठवड्याची सरासरी निघाली ६१.२. सात महिन्यांत ४.८ किलो. बीएमआय २६.५, म्हणजे योगायोगाने नेमका त्या इंजिनिअरइतकाच. आशियाई रेषांनी काकू एक पायरी उतरल्या आहेत, उरलेल्या दोन तक्त्यांनी नाहीत. उपाशीपोटीची साखर ११२ वरून ९८ वर आली आहे, आणि देवळाच्या पायऱ्या चढताना गरगरत नाही.

संपादकांना माझी एकच विनंती आहे. दुरुस्तीचा लेख छापू नका, तो कुणी वाचत नाही. पुढच्या अंकात एक लहानशी चौकट द्या. त्यात वरचं एका ओळीचं सूत्र असू द्या, खाली २३ आणि २५ या रेषा कोणत्या तक्त्यातल्या आहेत ते असू द्या, आणि जागा उरली तर मोठ्या अक्षरांत छापा: उंची अनवाणी मोजावी, अंबाडा सोडून.